तळमजल्याचा संडास आणि एकमार्गी झडप

मैलापाण्याच्या पाइपात बसवायची एकमार्गी झडप ही रचनेने अगदी साधी वस्तू आहे. पाइपाच्या आत वरच्या कडेला बिजागरीने टांगलेली एक गोल चकती असते. घरातून पाणी आले की त्याच्या रेट्याने ती पुढे उचलली जाते आणि पाणी निघून गेले की स्वतःच्या वजनाने परत खाली येऊन रबराच्या कड्यावर टेकते. रस्त्याच्या बाजूने पाणी उलट येऊ लागले, तर तेच पाणी चकतीला मागून दाबून धरते आणि वाट बंद होते. प्लंबर तिला ‘एनआरव्ही’ म्हणतात, चकतीला ‘फ्लॅप’. वीज, स्प्रिंग, चावी यांपैकी कशाचीही तिला गरज नसते. मात्र पाइपाच्या नेमक्या कोणत्या तुकड्यात ती बसवली आहे, यावर ती घर वाचवते की घरातल्याच मैल्याने घर भरते, हे ठरते.

मुंबईसारख्या शहरात हा प्रश्न का उभा राहतो, हे आधी पाहायला हवे. मुंबईत पावसाच्या पाण्याच्या आणि मैलापाण्याच्या वाहिन्या वेगवेगळ्या आहेत. पर्जन्यवाहिन्या नाल्यांत आणि खाड्यांत रिकाम्या होतात. मैल्याच्या वाहिन्या उदंचन केंद्रांकडे जातात, तिथे पंपाने मैला वर उचलला जातो आणि पुढे प्रक्रियेसाठी व समुद्राकडे ढकलला जातो. कागदावर पाहिले तर पावसाचा आणि संडासाचा काही संबंध नाही. प्रत्यक्षात अतिवृष्टीत मैल्याच्या वाहिन्या पावसानेच भरतात. रस्त्यावर साचलेले पाणी मॅनहोलच्या झाकणांच्या फटींतून आत उतरते. पाणी लवकर ओसरावे म्हणून कोणीतरी झाकणच उचलून ठेवते. जमिनीत मुरलेले पाणी जुन्या पाइपांच्या उघड्या सांध्यांतून झिरपते. आणि अनेक इमारतींत गच्चीचा किंवा अंगणाचा पाइप सोयीसाठी मैल्याच्या चेंबरमध्येच सोडलेला असतो.

मैल्याची वाहिनी माणशी वापराच्या हिशेबाने आखलेली असते, पावसाच्या हिशेबाने नव्हे. शहराच्या जुन्या पर्जन्यवाहिन्याही ताशी २५ मिलिमीटर पाऊस आणि ओहोटी गृहीत धरूनच आखल्या होत्या. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. इतका पाऊस क्वचितच पडतो, हे खरे. पण ऐन भरतीच्या वेळी दोन-तीन तास जोराची सर आली तरी सखल भागातली पर्जन्यवाहिनी तुंबते, रस्त्यावर पाणी चढते आणि ते मैल्याच्या वाहिनीत शिरू लागते. उदंचन केंद्रातले पंप जितके पाणी उचलतात त्यापेक्षा जास्त आत आले की वाहिनी काठोकाठ भरते. एरवी अर्धीमुर्धी वाहणारी ती नळी आता दाबाखाली येते आणि मॅनहोलमधली पातळी वर चढू लागते.

इथून पुढचे काम पाण्याच्या पातळीचे आहे. एकमेकांना जोडलेल्या भांड्यांत पाणी सारख्या उंचीवर येते, हे शाळेत शिकवलेले तत्त्व इथे शब्दशः लागू पडते. रस्त्यावरचा मॅनहोल, सोसायटीच्या मागच्या गल्लीतले चेंबर आणि तळमजल्यावरचे संडासाचे भांडे ही एकाच पाइपाने जोडलेली तीन भांडी आहेत. मॅनहोलमध्ये पाणी ज्या उंचीवर चढेल त्याच उंचीवर ते संडासाच्या नळीत चढू पाहते. भांड्याखालच्या वळणदार ट्रॅपमध्ये पाच-सहा सेंटिमीटर पाणी साठून राहते. ते दुर्गंधी आणि झुरळे अडवते, उलट येणारे पाणी अडवणे त्याच्या आवाक्यातले नाही.

म्हणून घरात पहिल्यांदा पाणी दिसते ते सर्वांत खालच्या तोंडातून. बहुतेक घरांत हे तोंड म्हणजे न्हाणीघराच्या फरशीतला नहाणी ट्रॅप किंवा फरशीलगत बसवलेले भारतीय पद्धतीचे भांडे. खुर्चीसारख्या कमोडचा काठ फरशीपासून साधारण ४० सेंटिमीटर वर असतो. म्हणून त्यातून सहसा पाणी उतू जात नाही, फक्त आतली पातळी वर येते, बुडबुडे येतात आणि गुळगुळ असा आवाज होतो. हा आवाज म्हणजे चढत्या पाण्याने पाइपातली हवा ट्रॅपमधून बाहेर ढकलल्याची खूण असते. तो ऐकू आल्यावर हातात थोडाच वेळ उरतो.

मुंबईच्या जुन्या वस्त्यांत आणखी एक गोष्ट घडलेली आहे. इमारत बांधली तेव्हा तिचे जोते रस्त्यापेक्षा फूट-दीड फूट उंच होते. मग रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले, काही ठिकाणी काँक्रीट झाले, आणि जोते जागेवरच राहिले. आज अशा कितीतरी घरांची फरशी समोरच्या मॅनहोलच्या झाकणापेक्षा खाली आहे. रहिवासी दारात उंबरठा बांधून रस्त्याचे पाणी अडवतात. उंबरठा दोन फूट उंच केला तरी संडासाची नळी रस्त्याच्या वाहिनीला जोडलेलीच राहते. दारातून येऊ न शकलेले पाणी मागच्या बाजूने, मैला बरोबर घेऊन आत येते.

एकमार्गी झडपेचे काम नेमके इथे आहे. ती बसवायची गरज आहे की नाही, हे ठरवायला एक मोजमाप पुरते: घरातल्या सर्वांत खालच्या तोंडाची पातळी आणि रस्त्यावरच्या मॅनहोलच्या झाकणाची पातळी. पाण्याने भरलेली पारदर्शक रबरी नळी, म्हणजे गवंड्याची लेव्हल ट्यूब, घेऊन ही तुलना अर्ध्या तासात होते. तोंड झाकणापेक्षा खाली असेल तर धोका आहे. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय प्लंबिंग संहितेत हाच निकष आहे. वाहिनीच्या प्रवाहाच्या वरच्या बाजूला जो पुढचा मॅनहोल असेल, त्याच्या झाकणापेक्षा ज्या मजल्याची फरशी खाली आहे, तिथल्या भांड्यांना अशी झडप हवी असे ती सांगते. त्याच नियमाचा दुसरा भाग अधिक मोलाचा आहे: जी भांडी त्या पातळीपेक्षा वर आहेत, त्यांचे पाणी या झडपेतून सोडायचे नाही.

हा दुसरा भाग दुर्लक्षित राहतो आणि त्यामुळेच पैसे खर्चूनही घरे भरतात. त्याचे कारण एका इमारतीच्या हिशेबातून स्पष्ट होते.

समजा, सखल भागात तळमजला अधिक तीन मजल्यांची एक इमारत आहे. प्रत्येक मजल्यावर चार घरे, म्हणजे एकूण १६ घरे आणि अंदाजे ६४ माणसे. तळमजल्याची फरशी रस्त्यावरच्या मॅनहोलच्या झाकणापेक्षा १५ सेंटिमीटर खाली आहे. इमारतीमागच्या घरगल्लीत मैल्याची चार चेंबरे आहेत आणि त्यांना जोडणारा सुमारे ३० मीटर लांबीचा, सहा इंची पाइप शेवटी रस्त्यावरच्या वाहिनीला मिळतो. वरच्या मजल्यांचे उभे पाइप याच चेंबरांत उतरतात. तळमजल्यावरच्या चार संडासांचे चार इंची आडवे पाइप मात्र थेट आपापल्या जवळच्या चेंबरमध्ये येतात.

सोसायटीच्या सभेत सुचणारा उपाय ठरलेला असतो: रस्त्याला जोडण्याच्या आधी, शेवटच्या चेंबरमध्ये एक मोठी झडप बसवायची, म्हणजे अख्खी इमारत सुरक्षित. खर्चही विभागून जातो. आता पावसाळी सकाळ घेऊ. रस्त्यावरची वाहिनी भरली, झडप बंद झाली आणि बाहेरचे पाणी अडले. पण वरच्या बारा घरांतली माणसे उठलेली आहेत. ती संडासला जातात, आंघोळ करतात, भांडी धुतात. ते पाणी चेंबरांत उतरते आणि झडप बंद असल्याने तिथेच साठते.

किती साठू शकेल? प्रत्येक चेंबर ६० बाय ४५ सेंटिमीटरचे आणि तळमजल्याच्या फरशीच्या पातळीपर्यंत त्यात ५० सेंटिमीटर मोकळी उंची आहे असे धरले तर एका चेंबरमध्ये १३५ लिटर मावतात, चारांत ५४०. सहा इंची पाइपात मीटरमागे सुमारे साडेसतरा लिटर, म्हणजे ३० मीटरमध्ये जवळपास ५३०. एकूण जेमतेम १,०७० लिटर. आता आवक पाहू. शहरी पाणीपुरवठ्याच्या आखणीत माणशी रोज १३५ लिटर धरतात आणि त्यातले सुमारे ८० टक्के मैलापाणी म्हणून बाहेर पडते. ६४ माणसांमागे हे दिवसाला जवळजवळ ६,९०० लिटर होते, म्हणजे सरासरीने तासाला २९० लिटर. सकाळच्या घाईत ते तिप्पट धरावे लागते, तेव्हा तासाला सुमारे ८६० लिटर. या हिशेबाने सकाळी साधारण सव्वा तासात सगळी साठवण संपते. त्यानंतर वरच्या मजल्यावरचा प्रत्येक फ्लश तळमजल्याच्या नहाणी ट्रॅपमधून वर येतो. भरती आणि पाऊस एकत्र आले की रस्त्यावरची वाहिनी तीन-चार तास भरलेली राहू शकते. म्हणजे झडपेने आपले काम चोख केले आणि तळमजला तरीही भरला, फक्त रस्त्याच्या मैल्याऐवजी शेजाऱ्यांच्या मैल्याने.

गच्चीचा पाइप त्याच चेंबरांत सोडलेला असेल तर सव्वा तासही मिळत नाही. ३०० चौरस मीटरच्या गच्चीवर ताशी २० मिलिमीटर पाऊस पडला की तासाला ६,००० लिटर पाणी खाली येते. १,०७० लिटरची साठवण त्यात अकरा मिनिटांत भरते. मुंबईच्या पावसाळ्यात ताशी २० मिलिमीटर ही काही असामान्य सर नव्हे. त्यामुळे अशा इमारतीत झडपेचा विचार करण्याआधी गच्चीचे आणि अंगणाचे पाणी मैल्याच्या चेंबरमधून काढून पावसाच्या गटारात सोडणे, हे पहिले काम ठरते. ते केल्याशिवाय बसवलेली कोणतीही झडप पैसे वाया घालवते.

आता तीच झडप दुसऱ्या जागी ठेवून पाहू. तळमजल्यावरच्या प्रत्येक संडासाच्या चार इंची पाइपात, चेंबरला मिळण्याच्या अगदी आधी, एकेक छोटी झडप बसवली. रस्त्यावरची वाहिनी भरते, चेंबरे भरतात, त्यांत वरच्या मजल्यांचे पाणीही येते. चारही झडपा बंद होतात. चेंबरांतले पाणी झाकणांच्या फटींतून वर येऊन घरगल्लीत पसरते. हे दृश्य किळसवाणे असते आणि गल्ली नंतर धुवावी लागते. तरीही मैला घराबाहेर राहतो. वरच्या मजल्यांचे व्यवहार चालू राहतात आणि त्यांच्या पाण्याला तळमजल्यात शिरायची वाट नसते.

भारतातल्या बहुतेक इमारतींत तळमजल्याचा संडास असा स्वतंत्र पाइपाने चेंबरला जोडण्याची पद्धत आहे, हे सोयीचे आहे. काही इमारतींत मात्र तो पाइप वरून येणाऱ्या उभ्या पाइपाच्या तळाच्या वळणात जोडलेला असतो. तिथे जोडणीच्या पुढे झडप बसवली तर पुन्हा वरच्या मजल्यांचे पाणी अडून तळमजल्यात येते. अशा ठिकाणी तळमजल्याची जोडणी तोडून तिला चेंबरपर्यंत स्वतंत्र वाट करून द्यावी लागते. एखादा प्लंबर फरशी न फोडता, बाहेरच्या उभ्या पाइपातच झडप बसवून देतो म्हणाला, तर त्याला नकार द्यावा.

संडासाची वाट बंद केली की पाणी दुसरी वाट शोधते, ही पुढची अडचण. न्हाणीघर आणि मोरीचे पाणी बहुधा घराबाहेरच्या गली ट्रॅपमध्ये जाते आणि तिथून मैल्याच्या चेंबरमध्ये. गली ट्रॅपचे जाळीचे तोंड उघड्यावर आणि घरातल्या फरशीपेक्षा खाली असेल तर उलट आलेले पाणी तिथूनच अंगणात बाहेर पडते आणि न्हाणीघर वाचते. ही न ठरवता मिळालेली सुरक्षा आहे. पण अनेक घरांत अंगणात फरशी घालताना गली ट्रॅपवर लादी बसवून तो बंद केलेला असतो, किंवा अंगण भर घालून उंच केलेले असते. मग नहाणी ट्रॅपमधून पाणी वर येते आणि संडासातली झडप निरुपयोगी ठरते. तळमजल्यावरून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पाइपाचा माग काढूनच काम सुरू करावे लागते. चेंबरची झाकणे उघडायची, घरातल्या एकेका तोंडात रंग मिसळलेले पाणी ओतायचे आणि ते कुठे निघते ते पाहायचे, ही जुनी रीत अजूनही सर्वांत खात्रीची आहे.

झडपेच्या निवडीत एक चूक वारंवार होते. पाण्याच्या पंपाला लावतात ती स्प्रिंगची एनआरव्ही हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळते आणि नावही तेच असल्याने ती संडासाच्या पाइपात बसवली जाते. तिच्यात पाण्याची वाट अरुंद असते आणि मधोमध दांडा असतो. विष्ठा, कागद, केस त्यावर अडकतात आणि काही दिवसांत संडास एरवीच तुंबू लागतो. मैल्यासाठीची झडप उघडी असताना पाइपाची पूर्ण गोलाई मोकळी राहिली पाहिजे. ती बहुधा यूपीव्हीसीच्या पेटीसारखी असते, फ्लॅप पेटीच्या वरच्या भागात टांगलेला असतो आणि वरचे झाकण स्क्रू काढून उघडता येते. दुसरा प्रकार एरवी उघड्या राहणाऱ्या झडपेचा. तिच्या फ्लॅपला हवेचे पोकळ फुगे जोडलेले असतात, तो आडवा पडून असतो आणि पाणी मागून चढले की तरंगून वाट बंद करतो. रोजच्या वाहत्या मैल्याला तिच्यात काहीच अडथळा नसल्याने ती कमी तुंबते आणि पाइपातली हवाही खेळती राहते. कॅनडातल्या घरांत, तळघरांच्या बचावासाठी, हा प्रकार रूढ आहे.

फ्लॅप बंद कसा राहतो, हेही समजून घेण्याजोगे आहे. चार इंची फ्लॅपचे क्षेत्रफळ साधारण ७८ चौरस सेंटिमीटर. त्याच्यामागे पाण्याची उंची ५० सेंटिमीटर असेल तर त्यावर जवळजवळ चार किलोचा भार पडतो आणि तो रबरावर घट्ट दाबला जातो. उंची पाचच सेंटिमीटर असेल तर भार चारशे ग्रॅमही नसतो. म्हणजे पूर जितका मोठा तितकी झडप पक्की, आणि सुरुवातीला पाणी नुकते चढू लागते तेव्हा ती सर्वांत कमजोर. फ्लॅपच्या कडेला एक चिंधी अडकलेली असेल तर नेमकी त्या वेळी तिथून धार सुरू होते, आणि नंतर भार वाढला तरी चिंधी दाबून फट बुजत नाही. मिनिटाला एक पेला, म्हणजे दीडशे मिलिलिटर, एवढीच गळती धरली तर चार तासांत ३६ लिटर पाणी घराच्या बाजूला जमते. संडासापासून झडपेपर्यंत तीन मीटरचा चार इंची पाइप असेल तर त्यात सगळे मिळून सुमारे २४ लिटर मावतात. उरलेले फरशीवर येते.

हाच २४ लिटरचा आकडा तळमजल्याच्या रहिवाशांसाठीही बंधन घालतो. झडप बंद असताना घरातल्या पाण्यालाही बाहेर जायची वाट नसते. एका फ्लशला सहा ते दहा लिटर लागतात, म्हणजे दोन-तीन फ्लशनंतर स्वतःचाच मैला वर येतो. आंघोळीच्या एका बादलीने तर जवळजवळ सगळी जागा संपते. बंद झडप डोळ्यांना दिसत नाही, तेव्हा खूण बाहेर शोधावी लागते: मागच्या चेंबरच्या झाकणाभोवती पाणी पाझरू लागले, की घरातला पाण्याचा वापर थांबवायचा, आणि चेंबर उतरेपर्यंत थांबूनच राहायचे. लहान मुले, आजारी माणसे आणि वृद्ध असलेल्या घरात हे तीन-चार तास फार अवघड जातात.

याच कारणाने युरोपातल्या इमारतींच्या मलनिस्सारणाच्या मानकात झडपेला दुय्यम स्थान आहे. रस्त्याच्या पातळीखालच्या संडासासाठी तिथे मुख्य उपाय म्हणून उपसा यंत्रणा सांगितली आहे: मैला आधी एका बंद टाकीत गोळा करायचा, पंपाने रस्त्याच्या पातळीच्या वर नेऊन तिथून वाहिनीत सोडायचा. वर नेलेल्या त्या वळणामुळे उलट पाणी येऊच शकत नाही आणि वापरही थांबवावा लागत नाही. फक्त झडपेवर भागवायचे असेल तर वापरणारी माणसे थोडी हवीत, खोली दुय्यम वापराची हवी आणि त्यांना वरच्या पातळीवर दुसरा संडास उपलब्ध हवा, अशा अटी आहेत. मुंबईतल्या एका खोलीच्या तळमजल्याच्या घरात यातली एकही अट पुरी होत नाही. तिथे पंप बसवायला जागा नसते आणि ऐन पावसात वीजही जाते. म्हणून झडप हा इथे व्यवहार्य उपाय आहे, पण तिची ही मर्यादा बसवणाऱ्याने घरच्यांना आधीच सांगायला हवी.

बसवण्याचे काम दीड-दोन दिवसांचे असते. पाइप उघडा करून त्याचा उतार तपासतात. चार इंची पाइपाला ४० ला एक, म्हणजे मीटरमागे अडीच सेंटिमीटर उतार असावा. उतार कमी असेल तर मैला फ्लॅपपाशी साचतो आणि तो पूर्ण बंद होत नाही. पाइपाचा तुकडा कापून झडप अशी बसवतात की तिच्यावरचा बाण चेंबरच्या दिशेने राहील. हा बाण उलटा लागल्याची उदाहरणे अगदीच दुर्मीळ नाहीत, आणि तेव्हा पहिल्याच फ्लशला संडास तुंबतो. झडपेभोवती विटांचे छोटे चेंबर बांधून वर उचलता येणारे झाकण ठेवतात. त्यात हात घालून स्क्रू काढता आले पाहिजेत. झडपेवर फरशी घालून ती कायमची पुरली, तर ती पहिल्या पावसाळ्यात चालते आणि पुढे कधी बिघडली ते कोणालाच कळत नाही. संडासाच्या पाइपाची वायुनळी झडपेच्या घराकडच्या बाजूला असली पाहिजे, नाहीतर फ्लश करताना ट्रॅपमधले पाणी खेचले जाऊन खोलीत दुर्गंधी येते.

काम झाल्यावर चाचणी घेण्याची पद्धत सोपी आहे, तरी ती क्वचितच घेतली जाते. झडपेच्या पुढे, चेंबरच्या तोंडाशी पाइपात रबरी गुब्बारा किंवा बुच बसवायचे आणि झडप व बुच यांच्यामधल्या भागात पाणी भरायचे. घराच्या बाजूचे झाकण उघडून दहा मिनिटे पाहायचे. फ्लॅपखालून ओल दिसली तर रबर किंवा कड साफ करून पुन्हा पाहायचे. दरवर्षी मेच्या अखेरीस हीच चाचणी घ्यावी आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा झाकण उघडून फ्लॅप बोटाने हलवून पाहावा. तो सहज उचलला जाऊन परत पूर्ण टेकला पाहिजे. रबर कडक झाले असेल, त्यावर तेलकट थर असेल किंवा बिजागरीत केस गुंडाळलेले असतील तर झडप नावापुरती आहे. कोरड्या दिवसांतही खूण मिळते: फ्लशनंतर पाणी रेंगाळत उतरू लागले की फ्लॅपपाशी गाळ जमला असे समजावे. सॅनिटरी पॅड, ओले वाइप, चहाचा चोथा आणि तळणीचे तेल ही झडप निकामी होण्याची नेहमीची कारणे आहेत.

काही गोष्टी चांगल्या झडपेच्याही हातात नसतात. पूर आल्यावर झडपेपुढचा पाइप दाबाखाली असतो. तो जुना चिनीमातीचा आणि सिमेंटच्या सांध्यांचा असेल तर मैला सांध्यांतून जमिनीत झिरपतो आणि फरशीच्या फटींतून वर येतो. त्यामुळे झडप बसवताना निदान तेवढा तुकडा नव्या पाइपाने बदलावा. रस्त्यावरचे पाणी उंबरठ्यावरून आत आले तर तिथे झडपेचा काही संबंध उरत नाही. आणि ज्या गावांत मैल्याची वाहिनीच नाही, संडास सेप्टिक टाकीला आणि टाकीची सांडनळी नाल्याला जोडलेली आहे, तिथे नाला फुगल्यावर पाणी टाकीत आणि टाकीतून भांड्यात येते. अशा घरात झडप सांडनळीवर बसते. टाकीत थोडी जागा शिल्लक असल्याने तिथे दोन-चार फ्लशपेक्षा अधिक सवलत मिळते, पण टाकीचे झाकण पुराच्या पाण्याखाली जात असेल तर तेही हवाबंद करावे लागते.

झडप नसलेल्या घरात पाणी चढू लागले तर तातडीचा उपाय म्हणून भांड्याच्या तोंडात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कापड कोंबून त्यावर वाळूचे पोते ठेवतात. चार इंची तोंडावर १५ सेंटिमीटर पाण्याचा भार सव्वा किलोही नसतो, त्यामुळे दहा किलोचे पोते त्याला सहज दाबून धरते. कडेने थोडे पाझरते. नहाणी ट्रॅपवरही तसेच पोते ठेवावे लागते, कारण भांडे बंद झाले की पाणी लगेच तिथून येऊ लागते. पाणी ओसरल्यावर पोते काढण्यापूर्वी मागच्या चेंबरचे झाकण उघडून आतली पातळी घरातल्या फरशीच्या खाली गेल्याची खात्री करून घ्यावी लागते.